काकांना ‘हो’, मावशीला ‘गं’

शाळेतल्या व्याकरणात ‘अरे’, ‘अगं’, ‘अहो’ ही मंडळी केवलप्रयोगी अव्ययांच्या प्रकरणात ‘संबोधनदर्शक’ या नावाखाली बसवलेली असतात. केवलप्रयोगी म्हणजे वाक्याशी ज्यांचा व्याकरणाचा संबंध नाही, जी नुसती उद्गारासारखी येतात. ‘शाब्बास’ किंवा ‘अरेरे’ यांच्याबद्दल हे पटते, परंतु वाक्याच्या शेवटी लागणाऱ्या ‘रे’, ‘गं’ आणि ‘हो’ यांच्याबद्दल मला ते कधीच पूर्णपणे पटलेले नाही. ‘कुठे गेला होतास रे’, ‘कुठे गेली होतीस गं’, ‘कुठे गेला होतात हो’ ही तीन वाक्ये पाहिली, तर क्रियापद आणि शेवटचे अक्षर एकमेकांना धरून चालतात हे लगेच दिसते. त्यांची अदलाबदल केली, तर मराठी बोलणारा कोणीही माणूस थबकतो. ज्या शब्दाला वाक्याशी देणेघेणे नाही, तो चुकल्यावर वाक्य अडखळण्याचे कारण नव्हते.

त्याहून गमतीची गोष्ट अशी, की हे अक्षर वाक्यातल्या कर्त्याकडे पाहतच नाही, ते पाहते ऐकणाऱ्याकडे. ‘मामा गेले रे’, ‘मामा गेले गं’, ‘मामा गेले हो’ या तिन्ही वाक्यांत मामा तेच आणि त्यांचे जाणेही तेच. बदलला आहे तो समोरचा माणूस. पहिले वाक्य भावाला किंवा मित्राला सांगितले आहे, दुसरे बहिणीला, तिसरे शेजारच्या काकांना. चॅटमध्ये समोरचा माणूस दिसत नसतो आणि त्याला आपला आवाज ऐकू जात नसतो, तेव्हा हे एक अक्षर बरेच काही वाहून नेते, आणि चुकीचे पडले तर तेवढेच नुकसानही करते.

यांच्याविषयीचा एक समज मात्र मला मोडायचा आहे. ‘रे’ आणि ‘गं’ खालच्या पायरीवर, ‘हो’ वरच्या पायरीवर, म्हणून मोठ्या माणसाला लिहिताना ‘हो’ लावले की आदर झाला, असे पुष्कळ जण धरून चालतात. आदर ‘हो’ने होत नाही. आदराचे काम ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ ही सर्वनामे आणि त्यांच्याबरोबर बदलणारे क्रियापद करते. हे शेवटचे अक्षर सांगते ती जवळीक, म्हणजे मूल आईचा पदर ओढते तसे समोरच्याला हलकेच ओढण्याचा हक्क मला आहे, ही गोष्ट. मुख्याध्यापिकेला आपण ‘मॅडम, उद्याच्या सभेला आपण येणार आहात का?’ असे लिहितो. त्याच्या शेवटी ‘हो’ लावून पाहा, वाक्य एकदम सलगीचे होते आणि ‘आपण’ व ‘हो’ एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. शेजारच्या काकूंना ‘काकू, उद्या येता का हो?’ हे अगदी शोभते, कारण तिथे ‘तुम्ही’ही आहे आणि सलगीही आहे. मावशीला ‘येतेस का गं?’ म्हणताना तिचे वय आड येत नाही. म्हणजे आदराच्या सर्वांत वरच्या टोकाला हे अक्षर नसतेच. ज्यांच्याशी नव्याने ओळख झाली आहे, अशा वडीलधाऱ्यांना लिहिताना वाक्य कोरे सोडणे हीच मराठीची रीत आहे, आणि त्यांच्याकडून पहिले ‘अहो’ आल्यानंतर आपले ‘हो’ निघाले, तर ते शोभून दिसते.

या अक्षरांबरोबर आणखी एक बंधन येते, जे चॅटमध्ये वारंवार मोडलेले दिसते. ‘रे’, ‘गं’, ‘हो’ ही बोलीची अक्षरे आहेत आणि ती बोलीचीच क्रियापदे मागतात. ‘ऐकून फार वाईट वाटलं हो’ हे वाक्य जिवंत आहे. ‘ऐकून अतिशय वाईट वाटले हो’ असे लिहिले, की शोकसंदेशाच्या मजकुराला घाईघाईने आपुलकीचे ठिगळ लावल्यासारखे दिसते. कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल, तर एकतर सरळ लेखी मराठीत कोरे वाक्य लिहावे, नाहीतर संबंध तेवढे जवळचे असल्यास ‘काकू, काय बोलावं कळत नाही हो’ असे पूर्णपणे बोलीत लिहावे. मधले काही चालत नाही.

आणि ‘हो’ नेहमी मऊच असते असेही नाही. ‘बसा हो’, ‘असू द्या हो’, ‘नाही हो, तसं काही नाही’ यांत ते मार्दव आणते. तेच ‘काय’ला चिकटले आणि वाक्याच्या आरंभी आले, की त्याचा चेहरा बदलतो. ‘काय हो, दिसत नाही का?’ हे वाक्य आमच्या नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत गाडी घासून गेल्यावर ऐकू येते, आणि व्याकरणाने ते आदरार्थीच असते. प्रत्यक्ष बोलताना हसत हसत ‘काय हो काका, कुठे असता?’ असे म्हणता येते, कारण हसू दिसते. मेसेजमध्ये ‘काय हो’ने सुरुवात केली, तर वाचणारा आधी सावध होतो आणि मग पुढे वाचतो. म्हणून मोठ्यांना लिहिताना ‘अहो काका’ने आरंभ करावा किंवा ‘काका’ने करावा आणि ‘हो’ शेवटाकडे ठेवावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

आता नात्यांकडे येऊ, कारण या अक्षरांचा खरा कस तिथे लागतो. बाहेरच्या माणसाला मराठी घरातली ही वाटणी विचित्रच वाटेल. आई वयाने आणि मानाने मोठी, तरी तिला ‘अगं आई’. आजी तिच्याहून मोठी, तिलाही ‘अगं आजी’. मावशी आणि आत्या यांनाही बहुतेक घरांत ‘गं’च लागते. काकू मात्र लग्न होऊन घरात आलेली, म्हणून तिला ‘अहो काकू’, ‘येता का हो’. वय तेच, घर तेच, कधीकधी आत्या काकूपेक्षा दहा वर्षांनी मोठीसुद्धा असते, तरी धाकट्या काकूला ‘हो’ आणि थोरल्या आत्याला ‘गं’. वय हे येथे प्रमाण नाही हे यावरून पुरेसे स्पष्ट होते. जिच्या अंगाखांद्यावर आपण वाढलो तिला ‘गं’, आणि जिच्याशी नाते एका समारंभातून जुळले तिला ‘हो’, असा साधारण हिशेब आहे. मामी मध्ये कुठेतरी लटकते. आजोळी बरेच राहिलेली भाचरे तिला ‘अगं मामी’ म्हणतात, सुट्टीपुरती येणारी ‘अहो मामी’ म्हणतात.

पुरुषांच्या बाजूला हा हिशेब पिढीप्रमाणे हलला आहे. माझ्या आधीच्या पिढीत वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणणारी घरे पुष्कळ होती. आज ‘अरे बाबा, ऐक ना’ असे म्हणणारी मुले सर्वत्र दिसतात, आणि त्यात कोणाला अवमान वाटत नाही. पण त्याच घरातल्या आजोबांना ती मुले ‘अहो आबा’च म्हणतात. नवराबायकोचे तर वेगळेच. ‘अहो’ हे संबोधन इतके एका माणसाला वाहिले गेले, की त्याचे नामच झाले, आणि ‘आमच्या अहोंना विचारते’ असे वाक्य सहज बोलले जाऊ लागले. अक्षराचा माणूस होण्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

एकाच कुटुंबाच्या ग्रुपमध्ये ही सगळी नाती एकत्र आली, की अक्षराला आणखी एक काम येऊन पडते. तिथे ते ऐकणारा निवडते. ‘पोहोचलीस का गं?’ असा नाव न घेता आलेला प्रश्न काकूसाठी नाही, आणि भावासाठी तर नाहीच, हे सर्वांना कळते. आत्या, चुलत बहीण अशा ‘गं’वाल्याच उरतात. ‘पोहोचलात का हो?’ असे विचारले, तर एक काका असतील किंवा चौघे मिळून गेलेले असतील, कारण ‘हो’ आदरार्थी एकवचनालाही चालते आणि साध्या अनेकवचनालाही. त्यामुळे ज्या ग्रुपमध्ये तीन पिढ्या आहेत तिथे ‘हो’ने विचारलेल्या प्रश्नाला नाव जोडावेच लागते. नाहीतर उत्तर कोणीच देत नाही, प्रत्येकाला वाटते की प्रश्न दुसऱ्याला आहे.

पुढे लागलेले आणि मागे लागलेले अक्षर यांत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि तो लक्षात आला की निम्मे गोंधळ मिटतात. वाक्याच्या आरंभीचे ‘अरे’ आता पुष्कळदा संबोधन राहिलेलेच नाही, ते आश्चर्याचा उद्गार झाले आहे. ‘अरे, काका तुम्ही कधी आलात?’ यात काकांना ‘अरे’ म्हटलेले नाही. बोलणारा चकित झाला एवढेच त्यात आहे, आणि काका ते तसेच घेतात. शेवटच्या ‘रे’ला मात्र ही सूट नाही. ‘काका, तुम्ही कधी आलात रे?’ असे कोणी लिहिले, तर एकतर तो मराठी नुकतीच शिकत आहे किंवा बोट चुकले आहे. आरंभीचा शब्द सैल झाला आणि शेवटचे अक्षर आपल्या जागी घट्ट राहिले. मोठ्यांना लिहिताना म्हणूनच पुढच्या ‘अरे वा’, ‘अरे देवा’ यांची भीती बाळगण्याचे कारण नाही, सांभाळायचे ते शेवटी.

या नियमाला अपवाद आहेत, पण ते गोठलेले आहेत. ‘बाप रे’ मध्ये ‘रे’ आहे, तरी ते आजीलाही म्हणता येते. कळ आली की धडधाकट पुरुषही ‘आई गं’च म्हणतो, आणि ‘अगं बाई’ हा उद्गार समोर दीर असला तरी वहिनीच्या तोंडून निघतोच. ‘नको रे बाबा’ हे दोन मैत्रिणीसुद्धा एकमेकींना म्हणतात. यातले अक्षर आता कोणाकडेही पाहत नाही.

नागपुरात राहणाऱ्या माणसाला येथवरचा सगळा हिशेब अर्धाच उपयोगी पडतो, कारण आपल्याकडे या अक्षरांची दुसरी एक जोडी नांदते. भंडारा, काटोल, उमरेड या बाजूने शहरात आलेल्या घरांत पुरुषाला ‘गा’ म्हणतात. ‘कुठी चालला गा?’, ‘ये गा, बस’, ‘काहून गा?’, म्हणजे ‘का रे?’. बाईला ‘वं’, म्हणजे ‘काहून वं?’ आणि मोठ्यांसाठी ‘वो’ किंवा ‘जी’. पुण्यामुंबईच्या कानाला हा ‘गा’ ऐकताच ‘गं’ आठवतो आणि पुरुषाला बाईसारखी हाक कशी, असा प्रश्न पडतो. प्रत्यक्षात वडिलकी या ‘गा’कडे आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 च्या सुमारास पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत श्रीकृष्ण अर्जुनाला ‘गा’ आणि ‘अगा’ म्हणूनच हाक मारतात, आणि ‘जी’ तर तिच्या पहिल्याच ओवीत आहे. प्रमाण मराठीने पुढे पुरुषासाठी ‘रे’ ठेवला आणि ‘गा’ सोडून दिला. पूर्व विदर्भाने तो सोडला नाही.

देवनागरीत ‘गा’ आणि ‘गं’ यांचा गोंधळ होत नाही, एकाला काना आहे आणि दुसऱ्याला अनुस्वार. आपली वडीलधारी मंडळी मात्र फोनवर बहुधा रोमन अक्षरांत मराठी लिहितात, आणि तिथे दोघांचेही `ga` होते. आमच्या शेजारी, प्रतापनगरात, एका घरी यावरून जे घडले ते सांगण्यासारखे आहे, आणि त्या घराने ते आता विनोद म्हणून स्वतःच सांगायला सुरुवात केली आहे. मुलगा आणि सून पुण्यात नोकरी करतात, सून मूळची साताऱ्याकडची. पोळ्याच्या आधी सासऱ्यांनी घरच्या ग्रुपवर एकच ओळ लिहिली: `Kahun ga, yet nahi ka?` नातवाचा पहिला तान्हा पोळा होता, लाकडी बैल आणून ठेवला होता, आणि मुलाने तिकिटांचे काही कळवले नव्हते. ओळ मुलासाठी होती. सासऱ्यांच्या बोलीत ‘काहून गा’ हे मुलालाच म्हणता येते, सुनेला विचारायचे असते तर ते ‘काहून वं’ म्हणाले असते, आणि खरे तर सुनेला त्यांनी असे थेट विचारलेच नसते. पण सुनेने वाचले ‘काहून गं’. ‘येत नाही का’ या क्रियापदात लिंग दिसत नाही, त्यामुळे तिला सावरायला दुसरी खूण मिळाली नाही. सासऱ्यांनी सगळ्यांदेखत आपल्याला जाब विचारला, असा अर्थ तिने घेतला.

तिने उत्तर दिले ते देवनागरीत आणि शुद्ध: ‘बाबा, आम्ही येतोय असं मागच्या आठवड्यात सांगितलं होतं की.’ तिच्या माहेरी हे वाक्य अगदी साधे आहे. तिकडे ‘की’ वाक्यागणिक येते, ‘आहे की’, ‘जेवलो की’, ‘येतो की’, आणि त्यात बहुतेक वेळा आपलेपणाच असतो. सासऱ्यांच्या कानाला ते ‘सांगितलं होतं, तुम्हीच विसरलात’ असे ऐकू आले. दोन दिवस त्या ग्रुपवर सुप्रभात सोडून काही आले नाही. शेवटी सासूबाईंनी फोन केला, आणि ‘गा’चा उलगडा पहिल्या पाच मिनिटांत झाला. ‘की’चा उलगडा व्हायला मात्र वेळ लागला, आणि ते स्वाभाविक होते, कारण ‘गा’ हा केवळ लिपीचा घोटाळा होता, ‘की’ हा अर्थाचा आहे.

या ‘की’कडे जरा थांबून पाहिले पाहिजे. ‘रे’, ‘गं’, ‘हो’ यांच्या पंगतीत तो बसतो असे वाटते, पण त्याची जात वेगळी आहे. तो ऐकणाऱ्याचे लिंग, वय, मान यांतले काहीच सांगत नाही. ‘ये की’ आणि ‘या की’ यांतला आदर क्रियापदाने ठरतो, ‘की’ दोन्हीकडे तोच. ‘तो म्हणाला की’ मधला जोडणारा आणि ‘चहा की कॉफी’ मधला निवड करायला लावणारा ‘की’ येथे बाजूला ठेवू. वाक्याच्या शेवटी येणारा ‘की’ निदान तीन वेगळी कामे करतो. ‘येतो की’ मध्ये तो संमती देतो, आणि त्यात ‘हे काय विचारणे झाले?’ असा मोकळेपणा असतो. ‘ये की’ मध्ये तो आग्रह करतो. ‘सांगितलं होतं की’ मध्ये तो आठवण करून देतो, आणि आठवण करून देणे म्हणजे समोरच्याच्या विसरण्यावर बोट ठेवणे असते.

मोठ्यांशी बोलताना यांतले पहिले काम नेहमी चालते. ‘काका, येते की’ यात मला उलट जिव्हाळा दिसतो. दुसरे जवळच्या माणसांपुरते चालते, आणि ‘बाबा, जेवून घ्या की’ हे आवाजात मऊ असले तरी लिखाणात किंचित अधीर वाटू शकते. तिसरे मात्र मेसेजमध्ये मोठ्यांना लिहूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओळखण्याचा उपाय सोपा आहे: ‘की’ काढून तिथे ‘ना’ ठेवून पाहावा. ‘सांगितलं होतं ना’ मध्ये आपण समोरच्याची संमती मागतो, त्याला ‘हो, हो, माझ्या लक्षातून गेलं’ असे म्हणायला जागा राहते. ‘सांगितलं होतं की’ मध्ये निकाल आधीच लागलेला असतो. ‘ना’ ठेवल्यावर वाक्य सुटल्यासारखे वाटले, तर मूळ ‘की’मध्ये टोचणी होती असे समजावे. आपल्याकडे नागपुरात शेवटचा ‘की’ तसाही विरळाच. जिथे सातारा-कोल्हापूरचा माणूस ‘या की’ म्हणतो तिथे आपण ‘या ना’ किंवा ‘या नं’ म्हणतो. म्हणून आपल्या कानाला तो जास्त लागतो, आणि तिकडच्या माणसाला आपले ‘ना’ लाडिक वाटते. त्या साताऱ्याच्या सुनेने आता सासऱ्यांपुरते ‘ना’ लिहायला सुरुवात केली आहे. सासऱ्यांनी काय केले, तर देवनागरी कळफलक बसवून घेतला आणि पहिली ओळ लिहिली: ‘आता समजते का वं?’ सुनेला थेट ‘वं’ लावण्याइतकी सलगी त्यांनी प्रथमच दाखवली, हे तिच्या लक्षात आले की नाही, मला ठाऊक नाही. सासूबाईंच्या लक्षात आले होते.

जाता जाता एक बारीक गोष्ट: हा शब्द ऱ्हस्व ‘कि’ असा पुष्कळ ठिकाणी लिहिलेला दिसतो. लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा असतो, आणि ‘आणि’ व ‘नि’ हे त्याला ठरवून ठेवलेले अपवाद आहेत. ‘की’ त्या अपवादांत नाही.

‘की’, ‘ना’, ‘का’ हे संबोधनाच्या अक्षराबरोबर एकत्र आले, तर त्यांचा क्रमही ठरलेला असतो. ‘ये ना रे’, ‘ये की गं’, ‘येता का हो’ असेच म्हणतात, ‘ये रे की’ कोणी म्हणत नाही. माणसाला स्पर्श करणारे अक्षर सर्वांत शेवटी, वाक्याच्या बाहेरच्या कडेला येते. एकच जागा त्याला आत घेते, आणि ती म्हणजे प्रश्नार्थक शब्दाची. ‘असं काय रे करतोस?’, ‘कुठे गं गेली होतीस?’ येथे ते मधे शिरते आणि लगेच प्रश्नात तक्रार किंवा काळजी मिसळते. ‘कुठे गेली होतीस गं?’ ही चौकशी आहे, ‘कुठे गं गेली होतीस?’ मध्ये वाट पाहणे आहे. लिहिताना आवाज चढवता किंवा ओढता येत नाही, तेव्हा अक्षराची जागा बदलून तोच परिणाम साधता येतो. ‘अरेऽ’ असा अवग्रह देऊन किंवा मात्रा चार वेळा टंकून तो साधत नाही.

मित्रांच्या चॅटमध्ये हे नियम सैल होतात, पण नाहीसे होत नाहीत. नागपूरच्या कॉलेजातल्या मुली आज एकमेकींना ‘अरे’ म्हणतात, आणि शेवटी ‘रे’ही लावतात: ‘येतेस का रे?’ क्रियापद स्त्रीलिंगी आणि अक्षर पुल्लिंगी, असे हे वाक्य पुण्यातल्या एखाद्या आजींना दचकवेल. यात हिंदीचा हात आहे हे उघड आहे. 1956 पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होते, बाजारात आणि शाळेत हिंदी कायमच होती, आणि हिंदीतले ‘अरे’ मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. मला हे बिघडणे वाटत नाही. मुलींच्या तोंडी तो ‘रे’ आता ‘मित्र’ या अर्थाने उभा आहे, ‘पुरुष’ या अर्थाने नाही. त्याच मुली घरी आल्यावर आईला किंवा मावशीला कधी ‘रे’ लावत नाहीत. तिथे ‘गं’च येते, म्हणजे त्यांना भेद ठाऊक आहे.

मिश्र ग्रुपला उद्देशून विचारायचे असेल, तर ‘कोणी येतंय का रे?’ हेच रुळले आहे. ‘का गं’ म्हटले की मुले गप्प बसतात, ‘का हो’ म्हटले की सगळे एकदम चाळिशीचे होतात.

‘बे’ची गोष्ट निराळी. ‘काय बे’, ‘चल बे’ हे नागपुरात रोजचे, हिंदीतल्या ‘अबे’चे अपत्य, आणि त्याला लिंग नाही, फक्त बरोबरी आहे. ते दोघांनी एकमेकांना म्हणायचे असते, एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने ऐकून घ्यायचे असे झाले, की ते अपमानाचे होते. ‘रे’ आणि ‘गं’ मोठ्याने लहानाला एकतर्फी लावले तरी चालतात, उलट ती रीतच आहे. ‘बे’ला ही एकतर्फी वाट बंद आहे. म्हणून नव्या ठिकाणी कामाला लागलेल्या नागपूरकराने तिथल्या समवयस्काला पहिल्या दिवशी ‘बे’ लिहू नये. त्याच्या दृष्टीने ती मैत्रीची सुरुवात असते, पुण्याच्या माणसाला ती भांडणाची वाटते.

राहिले एकट्याने येणारे ‘हो’. काकांनी विचारले, ‘औषध आणलं का?’ आणि आपण लिहिले ‘हो’. हे होकाराचे ‘हो’ संबोधनाच्या ‘हो’सारखेच दिसते, पण यात कोणाला हाक नाही. मोठ्यांना ते कोरडे लागते, कारण त्यांना उत्तर मिळाले असले तरी त्यांची दखल घेतली गेलेली नसते. ‘हो काका’ असे नात्याचे नाव जोडले की पुरते. स्वल्पविरामाचीही काळजी घ्यावी लागते. ‘आणलं हो’ म्हणजे ‘आणले एकदाचे, किती विचारता’ असा सूर निघू शकतो, आणि ‘हो, आणलं’ म्हणजे सरळ उत्तर. ‘हो हो’ असे दोनदा लिहिले, तर घाई दिसते. आपल्याकडच्या जुन्या माणसांना यासाठी वेगळी सोय आहे, ती म्हणजे ‘हो जी’. त्यात होकारही आहे, मानही आहे, आणि पुरुष-बाई, काका-काकू, सासरे-व्याही असा विचार करत बसावे लागत नाही. माझ्या ओळखीची तिशीच्या आतली मुले ‘हो जी’ म्हणताना अजून लाजतात, त्यांना ते खेडवळ वाटते. मग ती अंगठ्याचे चित्र पाठवतात, आणि काका पुन्हा विचारतात, ‘म्हणजे आणलं का नाही?’